दहावी भूमितीसाठी बाईंची ट्युशन – वर्षभराचा अनुभव आणि मनापासून आभार

निकाल लागला, गणितात १०० पैकी ९१ आले आणि लेकीने पहिला फोन बाईंना लावला, आम्हाला पेढे नंतर. तेव्हाच ठरवलं की हे सविस्तर लिहायचं. कारण आमच्या गावातले बरेच पालक सध्या विचारतायत की कुठे लावली होती ट्युशन, काय शिकवतात, फी किती, आणि फोनवर प्रत्येकाला सगळं सांगणं होत नाही. बाईंचं नाव इथे टाकत नाही, त्यांना ते आवडत नाही, ज्यांना हवंय त्यांनी मला विचारा.

आधी आमची परिस्थिती सांगते. लेक मराठी माध्यमात, स्टेट बोर्ड. नववीपर्यंत गणित ठीकठाक होतं, बीजगणित तर आवडायचं तिला. पण भूमितीचा पेपर हातात आला की रडकुंडीला यायची. दहावीच्या पहिल्या चाचणीत भूमितीत २० पैकी ७. आणि त्या ७ मधले बरेचसे पर्याय निवडायच्या प्रश्नांचे. सिद्धतेचा एकही प्रश्न पूर्ण नव्हता, अर्ध्यात सोडून दिलेला, किंवा पक्ष साध्य लिहून खाली कोरं. तेव्हा ती एका मोठ्या क्लासला जात होती, पन्नास-साठ मुलं, सर फळ्यावर प्रमेय लिहून द्यायचे, मुलं उतरवून घ्यायची. वही इतकी सुंदर होती की कुणीही म्हणेल मुलगी हुशार आहे. पण वही बंद केली की एक ओळ सुचत नव्हती.

ज्यांची मुलं अजून दहावीला आली नाहीत त्यांच्यासाठी एवढं सांगते की गणिताचे दोन वेगळे पेपर असतात, भाग १ म्हणजे बीजगणित आणि भाग २ म्हणजे भूमिती, प्रत्येकी ४० मार्क, दोन तास, आणि उरलेले २० शाळेचे अंतर्गत. म्हणजे भूमिती गेली की गणिताचा जवळजवळ अर्धा भाग गेला, बीजगणितात ३८ आणले तरी त्याने भरून निघत नाही. मार्कशीटवर मात्र गणिताचा एकच आकडा येतो.

बाई त्यांच्या घरीच हॉलमधे शिकवतात. सतरंजी, भिंतीला एक छोटा फळा, एका वेळी आठच मुलं. पहिल्या दिवशी त्यांनी दहावीचं पुस्तक उघडलंच नाही. लेकीला म्हणाल्या नववीची उत्तरपत्रिका आण, सहामाहीची आणि वार्षिक दोन्ही. नशिबाने जपून ठेवल्या होत्या. त्या घेऊन पंधरा-वीस मिनिटं शांत वाचत बसल्या, आणि मग मला आत बोलावून म्हणाल्या, "ताई, हिला दहावीची भूमिती अवघड जात नाहीये, हिचं समांतर रेषांपाशीच अडलंय." समांतर रेषा आणि छेदिका हा आठवी-नववीचा धडा. तिला व्युत्क्रम कोन आणि संगत कोन यांची व्याख्या पाठ होती, पण आकृती जरा तिरपी झाली, किंवा दोन छेदिका आल्या, की कुठला कोन कुणाच्या जोडीचा हे दिसत नव्हतं. आणि दहावीच्या समरूपतेच्या धड्यात त्रिकोण समरूप आहेत हे दाखवायला निम्म्या वेळा तेच लागतं. म्हणजे वरचा मजला पडत होता पण तडा खाली होता. क्लासमधे वर्षभर वरचीच गिलाव्याची कामं चालली होती.

म्हणून पहिले दीड-दोन महिने बाईंनी आठवी-नववीचंच करून घेतलं. हे इथे मुद्दाम लिहितेय कारण याचा त्रास होतो, आणि पालक म्हणून तो सोसायची तयारी लागते. शाळेत वर्तुळाचा धडा सुरू झाला आणि आमच्याकडे अजून कोनांच्या जोड्या चालू. सहामाहीत भूमितीचे मार्क फारसे हललेच नाहीत. हे तर घरात म्हणायला लागले की परत मोठ्या क्लासला घालू. मी बाईंना जाऊन विचारलं तर त्या काहीही मनाला लावून न घेता म्हणाल्या की दिवाळीनंतर बघा, आणि तोवर रोज घरी एक आकृती काढतेय का तेवढं पहा.

ती आकृतीची गोष्ट महत्त्वाची आहे. बाईंचा नियम असा की गणित वाचायचं, पुस्तकातली आकृती हाताने झाकायची, आणि नुसत्या शब्दांवरून आकृती स्वतः काढायची. मग झाकलेला हात काढून ताडून बघायचं. सुरुवातीला लेकीची आकृती काही केल्या जुळायची नाही. "समलंब चौकोन" म्हटलं की ती समांतरभुज काढायची. "कर्ण परस्परांना छेदतात" म्हटलं की बिंदूला नावच द्यायची नाही. पण एकदा आकृती शब्दांवरून यायला लागली तेव्हा मला घरबसल्या फरक जाणवला, कारण आता ती गणित वाचताना पेन्सिल हलवत वाचायची, आधी नुसती डोळ्यांनी वाचून "येत नाही" म्हणायची.

आता एक गणित पूर्ण सांगते, कारण बाई नेमकं काय करतात हे त्याशिवाय कळणार नाही. हे मी स्वतः हॉलच्या दारात बसून ऐकलंय, पाऊस होता म्हणून तिला न्यायला लवकर गेले होते.

समलंब चौकोन ABCD, त्यात AB आणि DC समांतर. AC आणि BD हे कर्ण P मधे छेदतात. AB १५ सेमी, DC १० सेमी, AP ९ सेमी, PB १२ सेमी. तर PC आणि PD काढा.

लेकीने पटकन लिहिलं ∆APB ~ ∆DPC, प्रमाण १५ ला १०, म्हणून PD ६ आणि PC ८. उत्तरं पूर्णांकात आली म्हणून खूश. बाई चूक म्हणाल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "A बरोबर D कसा घेतलास?" लेक म्हणाली एका बाजूला आहेत म्हणून. आकृतीत खरंच A आणि D डाव्या बाजूला दिसतात, B आणि C उजव्या. तिथेच सगळी फसगत होती.

बाईंनी फक्त AC ही छेदिका पेन्सिलीने जाड करायला लावली. AB आणि DC समांतर, AC छेदिका, मग A पाशी जो कोन आहे त्याचा व्युत्क्रम कोन कुठे? तर C पाशी. मग BD जाड कर. B पाशी जो कोन आहे त्याचा व्युत्क्रम D पाशी. म्हणजे A ची जोडी C, B ची जोडी D, आणि P ची P, तो कोन विरुद्ध कोन म्हणून समान. हे तिने वहीत एकाखाली एक लिहिलं, वर A P B, खाली C P D. को-को कसोटीने ∆APB ~ ∆CPD. आता गुणोत्तर लिहायला डोकंच लागत नाही, वरून खाली वाचायचं, AP/CP = PB/PD = AB/CD. ९/PC = १५/१०, म्हणून PC ६. १२/PD = १५/१०, म्हणून PD ८. म्हणजे आकडे तेच, पण बरोबर उलटे.

मग बाईंनी जे विचारलं ते मला फार आवडलं. "पेपरात मी शेजारी नसणार, तेव्हा उलटं झालंय हे तुला कसं कळणार?" मुलं गप्प. मग त्यांनी दाखवलं की दोन्ही कर्ण P मधे सारख्याच प्रमाणात कापले जातात, त्यामुळे ज्या कर्णाचा मोठा तुकडा मोठा, त्याचाच लहान तुकडाही मोठा यायला हवा. PB हा AP पेक्षा मोठा आहे, मग PD पण PC पेक्षा मोठा असला पाहिजे. तुझ्या उत्तरात PD ६ आणि PC ८ आहे, म्हणजे कुठेतरी जोडी चुकली. एवढं बघायला अर्धं मिनिट लागतं. आणि याच आकृतीत पुढे क्षेत्रफळांचं गुणोत्तर विचारलं तर बाजूंच्या वर्गांचं घ्यायचं, १५ ला १० म्हणजे ३ ला २, मग क्षेत्रफळं ९ ला ४. इथे मुलं वर्ग करायचा विसरतात आणि ३:२ च लिहून मोकळी होतात.

ही जोड्या एकाखाली एक लिहायची सवय तिला इतकी लागली की पूर्वपरीक्षेच्या उत्तरपत्रिकेत प्रत्येक समरूपतेच्या गणिताशेजारी बारीक पेन्सिलीने तीन अक्षरं वर आणि तीन खाली दिसली मला.

दुसरी गोष्ट कारणांची. सिद्धतेत प्रत्येक ओळीपुढे कंसात कारण लिहायचं असतं, (पक्ष), (व्युत्क्रम कोन), (को-को कसोटी) असं. आधी ती ओळी बरोबर लिहायची आणि कारणं सोडून द्यायची, किंवा सगळीकडे (पक्ष) ठोकून द्यायची. बाईंच्या घरी मुलांना एकमेकांच्या वह्या तपासायला देतात आणि तपासणाऱ्याने एकच प्रश्न विचारायचा, "कशावरून?" उत्तर देता आलं नाही की ती ओळ खोडायची. लेक घरी पण धाकट्या भावाला कशावरून कशावरून करत बसायची.

यावरूनच कृतींचं सांगते. भूमितीच्या पेपरात चौकटी पूर्ण करायचे कृतीचे प्रश्न असतात, दोन मार्कांचे आणि एक तीन मार्कांचा. सगळ्यांना वाटतं हे फुकटचे मार्क आहेत, दुसऱ्या कुणीतरी सिद्धता लिहूनच दिलीय आपण फक्त रिकामे चौकोन भरायचे. पण लेकीचे तिथे नेहमी जायचे, कारण ती एकेक चौकट सुटी सुटी भरायची, वरची ओळ न वाचता. बाईंचा उपाय असा की कृतीचा प्रश्न आला की आधी फक्त शेवटची ओळ वाचायची, म्हणजे कुठे पोचायचंय ते कळतं, मग वरून वाचत यायचं आणि मग चौकटी भरायच्या. सरावासाठी तर त्या उलटंच करायला लावायच्या, पूर्ण सिद्धता मुलांनी लिहायची आणि त्यातले कुठले शब्द झाकून चौकटी करायच्या ते मुलांनीच ठरवायचं आणि शेजारच्याला सोडवायला द्यायचं. कुठली चौकट अवघड हे ठरवायला सिद्धता कळावीच लागते.

रचनांचा भाग लहान आहे पण तिथे मार्क हातात असतात, आणि तिथे चुकतं ते गणितामुळे नाही, कंपासमुळे. बाईंनी पहिल्याच दिवशी आठही मुलांचे कंपास तपासले होते. लेकीच्या कंपासचा स्क्रू ढिला होता, वर्तुळ काढलं की सुरुवातीची रेघ आणि शेवटची रेघ जुळायचीच नाही. आम्ही तो तसाच कंपासपेटीत वर्षानुवर्षं फिरवत होतो. नवीन घेतला, बाईंनी सांगितलं तसं त्यात छोटी टोकदार पेन्सिल घातली आणि स्क्रू पिनने घट्ट केला. आणि तपासायची पद्धत पण सांगितली, ती अशी. ३ सेमी त्रिज्येचं वर्तुळ काढ, केंद्र O. O पासून ५ सेमीवर P बिंदू घे. OP चा लंबदुभाजक काढ, कंपास अडीच सेमीपेक्षा जास्त उघडून, तो OP ला M मधे छेदेल. M केंद्र आणि MO त्रिज्या घेऊन वर्तुळ काढ, ते पहिल्या वर्तुळाला दोन ठिकाणी छेदतं, ते बिंदू P ला जोडले की झाल्या दोन स्पर्शिका. आता पट्टीने मोज. स्पर्शिका त्रिज्येला लंब असते, म्हणून पायथागोरसने ५ चा वर्ग वजा ३ चा वर्ग म्हणजे १६, म्हणजे स्पर्शिका बरोबर ४ सेमी यायला हवी, दोन्ही. पावणेचार आली तर कंपास सरकलाय किंवा लंबदुभाजक हलला. लेक हे रविवारी सकाळी चहा पिता पिता करायची, चार आलं की मलाही दाखवायची. आणि रचनेचे कंस अजिबात खोडायचे नाहीत, ते दिसले नाहीत तर रचना कशी केली हे तपासणाऱ्याला कळणारच कसं.

जानेवारीपासून दर रविवारी दोन तासांचा पूर्ण पेपर. घड्याळ लावून. शेवटचा तीन मार्कांचा विचार करायला लावणारा प्रश्न असतो त्यावर बाईंचं स्पष्ट सांगणं, दोनपैकी एक निवडायचा, आणि निवडायला एक मिनिटापेक्षा जास्त द्यायचं नाही, आणि आधीचं सगळं लिहून झाल्याशिवाय तिकडे जायचंच नाही. पेपर झाल्यावर मार्क सांगायच्या नाहीत. आधी वहीत लिहायचं की कुठे चुकलं आणि ते आकृतीत चुकलं, कारणात चुकलं का नुसत्या गुणाकारात. महिन्याभरात लेकीला कळलं की तिचे आता बहुतेक मार्क आकडेमोडीत जातायत, भूमितीत नाही. महत्त्वमापनात π च्या जागी २२/७ का ३.१४ हे प्रश्नात बघायचंच नाही ती, शंकूची तिरकस उंची आणि उंची यात गोंधळ, असलं. मग फेब्रुवारीत तेवढंच घोटून घेतलं. पूर्वपरीक्षेत भूमितीला ४० पैकी ३१ आले. जुलैतल्या ७ नंतर ३१ बघून हे पेपर हातात घेऊन बराच वेळ बसले होते.

आता कुणाला चालणार नाही तेही सांगते, नाहीतर नंतर कुणी म्हणेल आधी सांगितलं नाही. बाई छापील नोट्स देत नाहीत, एकही पान नाही, मुलाने स्वतः लिहिलेलंच वापरायचं. फक्त गणित शिकवतात, विज्ञान हवं असेल तर वेगळी सोय बघावी लागते, आमची त्यामुळे संध्याकाळी पळापळ झाली. जागा आठच, आणि त्या अर्ध्या वर्षात नवीन मूल घेत नाहीत, डिसेंबरात जाऊन दोन महिन्यांत करून द्या म्हणालात तर सरळ नाही म्हणतील, आणि त्यांचं बरोबर आहे, कारण ज्या पद्धतीने त्या शिकवतात तिला सुरुवातीचे ते संथ महिने लागतातच. ज्याचं मूल आधीच पैकीच्या पैकी घेतंय त्याला पहिले दोन महिने कंटाळवाणे वाटतील. फी महिन्याला १२००, वर्षाची एकदम मागत नाहीत, आणि आमच्या बरोबरच्या एका मुलाच्या वडिलांचं काम सुटलं होतं तेव्हा त्यांनी तीन-चार महिने फीचा विषयही काढला नाही, हे मला त्या मुलाच्या आईकडून कळलं, बाईंकडून कधीच नाही.

निकालाच्या दिवशी दुपारी एकला वेबसाइट उघडली, बैठक क्रमांक टाकायचा आणि खाली आईचं नाव टाकायचं असतं, ते टाकताना माझी बोटं थरथरत होती. गणित ९१. इतर विषयही चांगलेच गेले, पण आमच्या घरात सगळ्यांनी आधी गणिताचीच ओळ शोधली.

बाई, तुम्ही हे वाचाल की नाही माहीत नाही, कुणीतरी वाचून दाखवेलच. तुम्ही तिला पास केलं किंवा टक्के वाढवून दिले यासाठी आभार मानत नाहीये फक्त. तुम्ही नववीची उत्तरपत्रिका वाचत बसलात, ते काम तोवर कुणी केलं नव्हतं, शाळेत नाही, क्लासला नाही. तिला काय येत नाही हे शोधायला तुम्ही वेळ दिलात आणि तिला कधी "एवढं पण येत नाही" म्हणाला नाहीत, आठवीचं दहावीत शिकवताना सुद्धा नाही. सहामाहीनंतर आम्ही घाबरलो होतो तेव्हा तुम्ही घाबरला नाहीत. ते पाहूनच आम्ही थांबलो. तुमचे उपकार आहेत आमच्यावर, ते मोकळेपणाने सांगायचे होते.

ज्यांना पुढच्या वर्षीसाठी विचारायचंय त्यांनी नववीची परीक्षा संपली की लगेच जा, मे महिन्यात जागा भरलेल्या असतात. जाताना मुलाला बरोबर न्या, नववीच्या भूमितीच्या उत्तरपत्रिका न्या, शाळेने दिल्या नसतील तर निदान गृहपाठाची वही, खाडाखोड असलेलीच, आणि कंपासपेटी.